एकट्याचं मलम
म्हाताऱ्या रुग्णांची अंगं पुसणाऱ्या आयाबाईंच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली, तशी त्यांना कामावरून घरी बसवलं. मलमाने त्या बऱ्या झाल्या आणि महिन्याभरात पुन्हा रात्ररात्र खाजवू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मनगटावरची बारीक वाकडी रेघ दाखवली.

"किडीची मादी कातडीत असं बीळ करून अंडी घालते. घरात कोण असतं?"

"सासूबाई आणि हे. पण हे आपल्याला खाज नाही म्हणतात."

"लागण झाल्यावर खाज सुटायला महिना-दीड महिनाही लागतो. तोवर ते तुम्हाला खरूज परत देतील. तिघांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत मलम लावा. आठवड्याने पुन्हा."

सासूबाई निमूटपणे तयार झाल्या. नवरा मात्र उखडला. "खरूज घाणेरड्यांना होते. माझ्या नादी लागू नकोस!"

आयाबाई त्याच्या हातापाया पडल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या रात्री दोघींनी मलम लावलं. पहाटे आयाबाईंना जाग आली, तर शेजारी नवरा झोपेतच कराकरा मांडी खाजवत होता. उशाशी ठेवलेल्या त्याच्या ट्यूबचं झाकणही उघडलेलं नव्हतं. आता पुन्हा काम मिळण्याची आशा त्यांनी सोडून दिली.