शाकिरभाईंचं ऐकतो कोण

चिखलीत कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या शाकिरभाईंना सगळे मानतात, फक्त त्यांचं ऐकत कुणी नाही. कारकून भालचंद्र आपल्या मुलाला, धवलला, घेऊन गोळीबाराच्या गेमसाठी मशीन घ्यायला आले, तेव्हा भाईंनी घसा कोरडा केला होता, "प्रोसेसर तगडा घ्या भाऊ, ग्राफिक्स कार्ड मधल्या दर्जाचं चालते." पण भालचंद्रांनी बाजारात कलिंगड पारखावं तसं हातात तोलून सगळ्यात जड ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि प्रोसेसर सगळ्यात साधा.

आता रविवारी धवलची स्पर्धा, आणि सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवू शकणाऱ्या मॉनिटरवर गेम एकशे तीसच्या पुढे सरकेना.

"कार्ड नकली दिलं काय शाकिरभाई?" भालचंद्रांनी दुकानात येऊन विचारलं.

भाईंच्या कपाळाची शीर उठली. त्यांनी गेमचं रिझोल्यूशन पार तळाला नेलं; चित्र धूसर झालं. आकडा जिथल्या तिथं. "पाहा, कार्डाचं काम कमी केलं तरी फरक नाही. ते अर्धं रिकामं बसून राह्यलं. प्रोसेसरच त्याले काम पुरवत नाही."

"मंग अजून मोठं कार्ड टाका."

धवलनं मान खाली घातली. त्याच्याकडे पाहून भाईंनी दुकानाच्या स्वतःच्या मशीनमधला, त्याच सॉकेटमध्ये बसणारा भारी प्रोसेसर काढला आणि रविवारपुरता धवलच्या मशीनमध्ये बसवला. आकडा अडीचशेच्या वर जाऊन टिकला.

भालचंद्र खूश झाले. "मी सांगतलं नव्हतं काय धवल, कार्ड दमदार हाय म्हणून."

शाकिरभाई धवलचा साधा प्रोसेसर आपल्या मशीनमध्ये बसवत राहिले.