मंजूर भार

आमच्या बारामतीच्या सोसायटीत लिफ्ट दुपारी बारा ते चार बंद ठेवायची, असा ठराव झाला होता. जिन्यातले दिवे, पाण्याची मोटर आणि लिफ्ट हे सगळं एकाच सामाईक मीटरवर चालतं आणि त्याचं बिल सगळ्यांना जड जात होतं. खालच्या मजल्यावरच्यांना त्या ठरावाचं काही वाटलं नाही. अडचण झाली ती चौथ्या मजल्यावरच्या आबांची.

आबा पिंपळीचे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मुलाने त्यांना शेतावरच्या वस्तीवरून इथे आणलं. ते सकाळी खाली उतरत, शेतावर चक्कर मारून साडेबाराला परतत आणि चारपर्यंत पार्किंगमध्ये बसून राहत. डबा तिथेच खात. मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे जाता-येता टोमणा ठरलेला.

"काय सेक्रेटरीबाई, लिफ्टची वामकुक्षी झाली का न्हाय अजून?"

एके दिवशी मात्र ते टोमणा न मारता म्हणाले, "उन्हाळा लागायच्या आत बघा काय हुतंय ते. न्हायतर मी आपला वस्तीवर जातो. तितं जिना न्हाय."

वस्तीवर ते एकटे राहणार होते. मुलगा रात्रपाळीला जाणारा. माझ्या कामांच्या वहीत त्या दिवशी पहिल्या क्रमांकावर ओळ आली: गच्चीवर सोलर.

सर्वसाधारण सभेत ठराव करून घेतला: गच्चीवर पंधरा किलोवॅटचा संच बसवायचा, आणि तो सुरू झाला की लिफ्ट दिवसभर चालू ठेवायची. दिवसा आपण वापरून उरलेली वीज वीज मंडळाच्या लाइनवर जाते आणि रात्री आपण मंडळाकडून घेतो. नेट मीटर दोन्हीची नोंद ठेवतो आणि बिल फरकाचं येतं. हे मी सभेत तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "म्हणजे डेअरीसारखंच की. दूध घालायचं आन पेंड उचलायची." मग सगळ्यांना कळलं.

कंत्राटदार इंदापूरचे. मंडळाच्या यादीतले, शेतपंपांना सोलर बसवून हात बसलेले. त्यांना सगळे भाई म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी कागद मागितले, तेव्हा मी कपाटातून कागदांचा तयार संच काढून दिला. सोसायटीचं नोंदणीपत्र, सामाईक वीजबिल, गच्चीचा नकाशा यांच्या झेरॉक्सचे दहा संच मी कायम करून ठेवलेले असतात. ऐन वेळी धावपळ नको. भाई खूश झाले. "मॅडम, असं गिऱ्हाईक इंदापुरात एक न्हाय."

अर्ज ऑनलाइन गेला. आठवड्याने परत आला. शेरा एका ओळीचा होता: संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त.

मंजूर भार म्हणजे एका मीटरवर जास्तीत जास्त किती वीज घ्यायची परवानगी आहे तो आकडा. तो बिलावर छापलेला असतो. सोलर त्याच्यापेक्षा मोठं बसवता येत नाही. भाईंनी मी दिलेलं बिल काढलं. त्यावर अठरा किलोवॅट.

"अठरात पंधरा बसतंय की, मॅडम."

मी त्या महिन्याचं बिल काढलं. त्यावर दहा किलोवॅट होतं.

चार वर्षांपूर्वी मीच मंडळाला अर्ज करून भार अठरावरून दहावर आणला होता. दहाच्या वर गेलं की बिलातला दरमहाचा स्थिर आकार वाढतो, आणि आमचा वापर तेवढा नव्हता. तेव्हाच्या वहीत त्या ओळीपुढे 'झालं' लिहून मी दोन रेघा मारल्या होत्या. झेरॉक्सचे दहा संच मात्र त्याआधीचे होते, आणि ते बदलायची ओळ वहीत कधी लिहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या उपविभाग कार्यालयात गेले. साहेबांनी फाइल पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"भार कमी करा म्हणून तुम्हीच आला होता ना? रोज फोन करायचात."

"हो साहेब."

"आता वाढवा म्हणून रोज फोन करणार?"

"एक दिवसाआड करीन."

ते हसले आणि कागदावर क्रम लिहून दिला. आधी भारवाढीचा अर्ज, सोबत परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंगचा चाचणी अहवाल. मग ते ट्रान्सफॉर्मरवर तेवढी जागा आहे का ते बघणार. नंतर मंडळ देईल त्या कोटेशनचे पैसे भरायचे. वाढलेला भार संगणकावर दिसला की सोलरचा अर्ज पुन्हा पाठवायचा. "ट्रान्सफॉर्मर भरलेला असेल तर मात्र थांबावं लागेल," ते म्हणाले. किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी येऊन मी आधी आबांना सांगितलं. चूक माझी आहे, उशीर होईल. त्यांनी ऐकून घेतलं.

"आन हे वहीत लिवलं न्हवतं व्हय?"

"नाही लिहिलं, आबा."

"मग आता लिवा. माझं सामान बांधायचं का, ते बी लिवा."

बारा दिवस ट्रान्सफॉर्मरची वाट पाहिली. साहेबांचा फोन आला, "आहे जागा. भरा कोटेशन." त्यापुढचं सगळं सरळ झालं. भार वाढला, तांत्रिक मंजुरी आली, भाईंच्या माणसांनी पाच दिवसांत पॅनेल चढवले. काम पूर्ण झाल्याचा अहवाल दिला, मंडळाशी करारावर सह्या झाल्या, नेट मीटर मंडळाच्या प्रयोगशाळेत तपासून आला.

तपासणीच्या दिवशी साहेब आले. अर्थिंग बघितलं, मीटर बसवून त्याला सील लावलं. मग म्हणाले, "मेन बंद करा."

लाइन गेली की सोलरनेही लगेच थांबायला हवं. नाहीतर बाहेर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसायचा. भाईंनी मेन खाली ओढला. पॅनेलची वीज लाइनला जोडणारा इन्व्हर्टर त्या क्षणी थांबला. साहेबांनी मान डोलावली. मेन पुन्हा वर केला, पण इन्व्हर्टर तसाच गप्प.

खाली जमलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा काठीवर भार देऊन पुढे आले. "मेलं का काय त्ये?"

"न्हाय आबा," भाई म्हणाले. "लाइन नीट हाय का, आधी बघतंय त्ये. मग सुरू हुतंय."

मी घड्याळ लावलं. पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा लागला. मीटरवर बाहेर जाणाऱ्या विजेचा आकडा दिसायला लागला, आणि माझे खांदे खाली आले तेव्हा मला कळलं की मी ते किती वेळ वर धरून उभी होते. साहेबांनी अहवालावर सही केली. मी लगेच सभेचा ठराव दाखवून लिफ्टचं बटण वर केलं. दुपारचा पाऊण वाजला होता. आबा आत शिरले आणि घरी जेवायला गेले.

त्या रविवारी भर दुपारी दोन वाजता एक टेम्पो आला. वस्तीवरची आबांची लोखंडी पेटी आणि त्यांची खाट. पेटी लिफ्टमध्ये चढवायला तिघे लागले. आबा बाजूला उभे राहून सूचना देत होते: हळू, कोपरा सांभाळा, आडवी धरा.

"एवढं काय आहे आबा हिच्यात?" मी विचारलं.

"सगळंच," ते म्हणाले. "तितं आता काय ठिवलं न्हाय."