संरक्षक तार

मंदाकिनी केतकर यांनी बत्तीस वर्षं कॉलेजात जर्मन शिकवलं आणि ढिसाळ भाषांतराला एकदाही अर्धा मार्क दिला नाही. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक औषधांच्या चिठ्ठ्या, यंत्रांची माहितीपत्रकं घेऊन येत. बाई करून देत, वर चार शब्द सुनावतही.

बुधवार पेठेतल्या युसूफ अत्तारांनी फोनवर एक फोटो पाठवला. घड्याळदुरुस्ती सोडल्यावर त्यांना जुनी यंत्रं जिवंत करायचा नाद लागला होता. हा तारजोडणीचा नकाशा १९५८ सालच्या, लोखंडी पेटीच्या जर्मन अ‍ॅम्प्लिफायरचा. "बाई, आकृतीतली अक्षरं तशीच ठेवा. तारांच्या चिठ्ठ्यांवरही तीच आहेत. फक्त कोपऱ्यातली यादी मराठीत द्या."

बाईंनी एकाही चिन्हाला हात लावला नाही. sw काळा, gr राखाडी, gn हिरवा, rt लाल. gr म्हणजे ग्रीन समजू नका, हेही बजावलं. मुख्य पुरवठ्याच्या ओळींवर फ्लॅशचा डाग होता. 'वाचता येत नाही' असं लिहिलं. शेवटची ओळ मात्र स्वच्छ होती: SL, rt. मूळ शब्द शुट्झलायटर. त्यांनी लिहिलं, 'संरक्षक तार, लाल.' शब्दाला शब्द.

अकराला उत्तर आलं. "समजलं. लाल फ्यूजमधून फेजला. आता जोडतो."

बाईंनी ते दोनदा वाचलं. फ्यूज? फ्यूज कुठून आला यात? मग कळलं. संरक्षण करतो तो फ्यूज, आणि आपल्याकडे लाल तार म्हणजे फेज. आपल्या शब्दावरून युसूफभाईंनी बरोबरच वाचलं होतं. जर्मनीत तेव्हा लाल तार अर्थिंगची असे. ती पेटीलाच जोडलेली. तिच्यात वीज सोडली की अख्खी पेटी जिवंत तार.

फोन लावला. उचलेना. काम करताना ते फोन ड्रॉवरमध्ये टाकत. बाई घरातल्याच चपलांवर रिक्षात बसल्या.

"ताई, मंडईपाशी जाम आहे."

"मग बोळातून घ्या! बोलताय काय?"

बाई पोचल्या तेव्हा युसूफभाई प्लगचा शेवटचा स्क्रू आवळत होते.

"थांबा! हात काढा!"

"अहो बाई, तुम्हीच तर संरक्षक म्हणालात. म्हणजे फ्यूजच ना?"

"चुकलं माझं. अर्थिंग आहे ती. मीटर लावून बघा."

त्यांनी मीटरचं एक टोक लाल तारेला आणि दुसरं पेटीच्या उघड्या स्क्रूला टेकवलं. मीटर शिटी वाजवत राहिलं; तार पेटीलाच जोडलेली होती. त्यांनी डावा हात पेटीवरून उचलून मांडीवर ठेवला.

"यादी उतरवलेला कागद द्या," बाई म्हणाल्या. SL आणि rt तशीच ठेवून त्यांनी आपला शब्द खोडला. 'अर्थिंग. फेजला कधीही जोडू नये.'

"आता मोठ्यानं वाचा."

साठीतल्या युसूफभाईंनी शाळेतल्या पोरासारखं उभं राहून वाचलं.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.