आणखी पाच वेळा

लोकरीच्या दुकानातल्या मावशींना सगळं गिऱ्हाईक मावशीच म्हणे, पण सख्खी भाची एकच. ती आज काउंटरवर आईची वही ठेवून उभी होती. सोबत सुईवर अडकलेला, वीतभर विणलेला बाळाचा स्वेटर.

"आईनं जाण्याआधी माझ्या बाळासाठी घेतला होता गं विणायला. ओळी सुट्या लिहून दे, मी पुरा करते."

मावशींच्या पाठीला सकाळपासून रग लागली होती. लोकांच्या वह्यांतली गिचमिड सोडवायची आणि 'ओळ एक, ओळ दोन' करून द्यायची. 'सु' म्हणजे सुलट टाका, 'उ' म्हणजे उलट. डोळ्यांचं मातेरं झालं होतं. आता पुरे, असं रोज वाटायचं.

हे काम मुळात ताईचं, भाचीच्या आईचं. तिचे हात थरथरू लागले, तेव्हा वहीत नमुना तिनं लिहायचा आणि त्याच्या सुट्या ओळी मावशींनी करून द्यायच्या, अशी वाटणी झाली. महिन्याभरातच दोन गिऱ्हाइकं तणतणत आली. ओळीच्या शेवटी सहा टाके उरतात म्हणे! मावशींनी मालकांसमोरच ताईला सुनावलं, "तुला आता मोजता येत नाही, ताई." ताईनं चष्मा डबीत ठेवला. पुन्हा ती दुकानात आली नाही.

मावशींनी वही उघडली. टाके ४४. सु३, *उ२ सु४*, पु. ५, उ२, सु३.

फुल्यांमधले सहा टाके पाच वेळा, म्हणजे तीस. कडेचे आठ. अडतीस. सहा उरतात. तीच ती ताईची चूक! मावशींनी सुस्कारा टाकला आणि स्वेटर हातात घेतला. सुईवर टाके मोजले: चव्वेचाळीस. उलट टाक्यांच्या उभ्या घळी मोजल्या. पाच वेळांच्या पाच आणि कडेची एक, अशा सहा यायला हव्या होत्या, आल्या सात. पुन्हा मोजल्या. सातच.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'पु. ५' म्हणजे एकदा विणून मग पुन्हा पाच वेळा. एकूण सहा. ताई आयुष्यभर तसंच लिहीत आली होती. सुट्या ओळींत 'एकूण पाच वेळा' असं लिहिणाऱ्या मावशीच होत्या.

त्यांनी वही भाचीपुढे सरकवली.

"चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचं बरोबर होतं. तेव्हाही."

भाचीला काही उमजलं नाही. ती स्वेटरवरून हात फिरवत राहिली.

"हा विणताना ती दर ओळीला मला हाक मारायची," ती म्हणाली. "म्हणायची, तू मोज गं, मला काही मोजता येत नाही."

मावशींनी कोरा कागद ओढला.

ओळ १: सुलट ३. मग उलट २, सुलट ४, असं एकूण सहा वेळा. उलट २, सुलट ३. टाके ४४.