एका तारेवरची गल्ली

आवाज गेलेल्या बाईला मी एकदा सांगितलं होतं, "अक्का, हात जरा हळू हलव. आपलं नेट दमतं."

आता नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. मीही हसते. निम्मं हसून झालं की उठून स्वयंपाकघरात जाते आणि उगीच भांडी हलवत बसते.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते आणि स्वतःला इंजिनिअर समजत होते. सोलापुरात आमच्या गल्लीत आणि मागच्या दोन गल्ल्यांत केबल आमची होती. आधी टीव्हीची, मग त्याच तारेवर इंटरनेटही आलं. खांबावर चढणं, तारा ओढणं, डबे उघडून बघणं हे आमच्या ह्यांचं काम. पुढच्या खोलीत टेबलामागे बसून फोन घेणं माझं. संध्याकाळ झाली की फोन सुरू व्हायचे.

"मावशी, नेट चालना की! नुसतं गोल गोल फिरालंय."

"मोडेम बंद करून चालू करा."

"केलं की."

"मग परत करा."

माझ्याकडे औषध एकच. पोट दुखलं, हिंग. डोकं दुखलं, हिंग. लोक बिचारे मोडेम बंद करायचे, चालू करायचे, तोवर दहा-साडेदहा व्हायचे. निम्मी गल्ली झोपायची आणि नेट आपोआप सुधारायचं. गुण मोडेमला, मान मला.

अक्का समोरच्या घरात राहायची. घरी तेलुगू बोलणारी, बाहेर आमच्यासारखीच मराठी. आयुष्यभर विड्या वळल्या तिनं. बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला पान दिसायचं, मग विडी दिसायची, मधलं काही दिसायचंच नाही. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामाला. मग तिच्या घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला.

आवाज गेल्यावर ती बोटांनी बोलू लागली. पुस्तकातली खुणांची भाषा नव्हे, मायलेकांनी आपसांत केलेली. हाताचा घास तोंडाकडे नेला म्हणजे जेवलास का. कपाळावरचा घाम निपटला म्हणजे ऊन फार आहे का. गळ्याशी दोन बोटं गोल फिरवली म्हणजे मंगळसूत्र, म्हणजे लग्न कधी करतोस. ही शेवटची खूण आली की पोरगा ओरडायचा, "अम्मा, नेट गेलं! दिसना काही!" नेट तेव्हा खरं तर गेलेलं नसायचं. अक्का खांदे हलवून बिनआवाजाचं हसायची.

नुसता फोन तिच्या काय कामाचा? तिला दिसणं हवं होतं, आणि तिचं दिसणं तिकडे पोहोचणं हवं होतं. पोरगा कामावरून खोलीवर यायचा तेव्हा आपल्याकडे नऊ वाजलेले असायचे. त्याला दुसरी वेळच नव्हती. मोबाइलची रेंज तिच्या घरात नावालाच होती, म्हणून आमची केबल. मी रोज नऊला तिच्याकडे जायची आणि फोन तिच्यासमोर धरून बसायची, कारण तिचे दोन्ही हात बोलण्यात गुंतलेले.

आणि नऊ म्हणजे अख्खी गल्ली घरात. कुणाची मालिका, कुणाची मॅच, पोरांचे खेळ, कुणाचे फोटो आपोआप वर चढतायत. अक्काचा हात घासापर्यंत जायचा आणि तिकडे मस्कतला मध्येच थिजायचा. पोरगा म्हणायचा, "अम्मा थांबली, मावशी." इकडे अक्का तर हात हलवतच असायची. गोष्ट पुढे गेलेली, आणि त्याच्याकडे नुसता वर उचललेला हात.

मी काय केलं? तिचा प्लॅन वाढवला. दुप्पट स्पीडचा दिला, माझ्याच हुशारीनं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तिच्या घरी जाऊन स्पीड मोजून दाखवला. काटा असा पळाला की मी शेजारच्या दोघी-तिघींना बोलावून दाखवला. "बघा! ह्याला म्हणतात केबल!" दुपारी तीनला गल्लीत जागं कोण होतं? मी आणि एक कुत्रं.

रात्री नऊला पुन्हा हात थिजला.

आमचे हे जेवताना म्हणाले, "प्लॅन वाढवून काय होतंय गं? आपल्याकडे पाणी सुटल्यावर सगळे एकदम मोटारी लावतात, तेव्हा शेवटच्या घरी किती येतं?"

"करंगळीएवढं."

"मग शेवटच्या घराला तू मोठी तोटी बसवून दिलीस. पाइप तोच की."

मला राग आला. ते शांतपणे भाकरी मोडत सांगत राहिले. खांबावरच्या डब्यापासून पुढे जी काळी तार जाते ती एका घराची नसते, गल्लीतल्या सगळ्या घरांची मिळून असते. दुपारी एकटीला पूर्ण मिळते, नऊला सगळ्यांत वाटली जाते. आणि त्यातही घराकडे येणारी वाट रुंद, घरातून बाहेर जाणारी अरुंद. "ती तार मुळात टीव्हीसाठी टाकलेली. टीव्ही बघणाऱ्याला परत काही सांगायचं नसतं. अक्काला सांगायचंय."

"मग उपाय?"

"गल्लीचे दोन भाग करून दुसरा डबा लावायचा. नाहीतर फायबर आणायचं."

"म्हणजे इतक्या वर्षांची तार उपटायची? मोठ्या कंपनीवाल्यांच्या नादी लागू नका. दिवाळीनंतर बघू."

ही मी. ज्या तारेवर घर चाललं तिला नावं ठेवलेली मला सोसवायची नाहीत, सासरच्या माणसाला ठेवल्यासारखी. आणि दुसऱ्या दिवशी अक्काकडे जाऊन मी तो शहाणपणाचा सल्ला दिला, हात हळू हलव.

गंमत म्हणजे तो लागू पडला. हात हळू हलला की चित्र कमी बदलायचं, तुटत तुटत का होईना, खूण पोहोचायची. अक्का फार ऐकणारी. विजेसारखी बोटं तिनं अशी आवरली की घास तोंडापर्यंत जाईतो माझा चहा निवायचा. पोरगा तिकडून म्हणायचा, "शाबास अम्मा, आता कळालं!" आणि मी फोन धरून ऐटीत बसायची.

त्या वर्षी गल्लीतल्या एका पोरीचं लग्न जुळे सोलापूर भागातल्या एका मंगल कार्यालयात होतं. सगळी गल्ली रिक्षा करकरून गेली, घरांना कुलपं. अक्काला गर्दी सोसत नव्हती, म्हणून मी तिच्यापाशी थांबले. नऊला फोन लागला आणि मी दचकलेच. पोराच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. तो तिकडे ओरडला, "अम्मा, तुझ्या कानातलं दिसालंय!" अक्कानं आनंदानं असे भराभर हात फिरवले की मला काही कळलं नाही, त्याला सगळं कळलं. माया, भांडण, मंगळसूत्र, सगळं एका दमात. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होती.

प्लॅन तोच होता, मोडेम तोच. फक्त गल्ली लग्नाला गेली होती.

लग्नाहून परतलेल्या ह्यांना मी दारातच म्हटलं, "आणा तुमचं फायबर."

"जेवलात का विचारायची पद्धत असते," ते म्हणाले.

ते यायला महिने गेले. मोठ्या रस्त्यावरून आमच्या गल्लीपर्यंत काचेची तार ओढायची, परवानग्या काढायच्या, ती केसासारखी तार जोडायची मशीन मिळवायची. मला वाटत होतं, फायबर म्हणजे प्रत्येक घराची स्वतंत्र तार, कुणाशी वाटणी नाही. तेही खोटं निघालं. हे म्हणाले, तीही खांबावरच्या एका डब्यात थोड्या घरांत वाटली जाते. पण एका तारेवर घरं मोजकी, वाट कितीतरी रुंद, बाहेर जाणारीसुद्धा. आणि कुणाच्या घरातल्या सैल जोडणीचा खरखराट दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. नऊची गर्दी तिथंही होतेच, कुणाला कळत नाही इतकंच.

पहिली जोडणी अक्काकडे. दसरा झालेला होता. नऊ वाजता फोन लागला आणि अख्खी गल्ली घरात असताना चित्र काचेसारखं. पोरगा हसत म्हणाला, "अम्मा, आता नेट फास्ट हाय की! बोल की धडाधडा!"

अक्का हसली. हात उचलला, घास तोंडाकडे नेला. हळू. वाटेत जरा थांबली, मग नेला.

"अगं, आता नको हळू!" मी म्हटलं आणि फोनकडे तोंड करून हसले. "सवय लागली हिला. माझीच शिकवण."

पोरगाही हसला. पुढेही रोज असंच. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या मनगटाचं हाड दिसायचं, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या दिसायच्या. मी पाहत होते आणि पाहतही नव्हते. नेट सुधारलं ह्याच्याच आनंदात होते. गळ्याशी बोटं फिरवायची ती खूण तर तिनं बंदच केली. मला वाटलं, पोराचा पिच्छा सोडला बाईनं. हात तिथवर उचलत नव्हता, हे तिला दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. दुखणं आतून परत आलेलं होतं. तिनं कुणाला खूण केली नव्हती, मलासुद्धा.

डॉक्टरांनी सांगितल्याच्या आठवड्यातच ती गेली. पोराला रजा मिळून विमान मिळेपर्यंत इकडचं सगळं उरकलं होतं.

तो आला तेव्हा मी घर झाडत होते. तो तिच्या खाटेवर बसला. भिंतीवरच्या नव्या डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्या दिव्याकडे बघत त्यानं विचारलं, "कधीपासून होतं, मावशी?"

"दसऱ्याच्या आधीपासून असावं, डॉक्टर म्हणाले. हात उचलायचं बळ तेव्हापासूनच जात होतं."

त्यानं आपले हात मांडीवर उलटे ठेवले, अगदी अक्का ठेवायची तसे. मग तो म्हणाला:

"मावशी, मला वाटलं, तुम्ही सांगितलंय म्हणून अम्मा हात हळू हलवालीय."