सात रुपयांचा छोटा

खोपटच्या एसटी डेपोला लागून आनंदा धुमाळची चहाची टपरी आहे. चहा त्याची बायको संचिता करते, गिऱ्हाईक आणि गल्ला तो बघतो. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः ड्रायव्हर, कंडक्टर आणि गाडीची वाट बघणारे लोक. कागदी कपातला शंभर मिलीचा चहा, बारा रुपये. दिवसाला दोनशेच्या आसपास कप जायचे.

मग रस्त्यापलीकडे एक नवी टपरी लागली. तिथे सात रुपयांत छोटा कप मिळायला लागला आणि समोरची गर्दी बघून आनंदा अस्वस्थ झाला. त्यानेही साठ मिलीचे कप आणले.

"सगळ्यांना सातवाला दाखवू नका," संचिता म्हणाली. "आत्ता जे बारा देतायत, तेच सातवाला घेतील."

टपरीपुढे तेव्हा सात-आठ जण उभे होते. आनंदा हसला. "तू चहा उकळ. धंद्यातलं तुला काय कळतं?"

दोघे-तिघे हसले. संचिताने मान खाली घालून गाळणी धुतली.

गर्दी खरंच वाढली. कपांची पाकिटं भराभर संपायला लागली, तसा आनंदा येईल त्याला सांगायचा, "अडीचशे कप जातात आता!" पण आठवड्याने दूध, साखर, गॅस, कप सगळ्याचा खर्च वजा करून बसला, तर हातात आधीपेक्षा कमी पैसे होते. त्याने दोनदा हिशोब केला. मोठ्या कपामागे सहा रुपये सुटायचे, छोट्यामागे तीनच. रोजच्या एकशेचाळीस छोट्यांतली नवी माणसं पन्नासच. बाकीचे नव्वद जण त्याचेच, काल बारा रुपये देणारे. नव्या पन्नासांनी दीडशे आणले आणि जुन्या नव्वदांनी दोनशेसत्तर नेले.

म्हणजे संचिता बोलली होती तेच.

तेव्हाच तिला सांगितलं असतं तर गोष्ट तिथे मिटली असती. पण चारचौघांत तिला गप्प केलेलं त्याला आठवलं आणि तोंड उघडेना. दुसऱ्या दिवसापासून तो छोटे कप स्वतः भरायला लागला. किटली उंच धरायची, धार जोरात सोडायची. कप फेसाने काठोकाठ दिसायचा, खाली चहा मात्र निम्माच. संचिताने एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं.

गुरुदत्त सावंत हा जुना ड्रायव्हर. आनंदाची टपरी लागली तेव्हापासून रोज त्याचा चहा इथेच. एका सकाळी त्याने छोटा मागितला, कप हातात घेतला आणि न पिता तसाच उभा राहिला. फेस बसत गेला. चहा अर्ध्या कपाच्याही खाली राहिला.

"आनंदा, छोटा सांगितलेला रे मी," तो हळूच म्हणाला. "इतका छोटा नाही."

आनंदाला कुठे बघावं कळेना. "फेस जास्त झाला वाटतं," असं काहीतरी तो पुटपुटला. तोवर संचिताने पातेलं उचलून गुरुदत्तचा कप भरला. मग तिथे उभ्या बाकीच्या चौघांचेही, कुणी न मागता. प्रत्येकाकडे बघत ती म्हणाली, "माझ्याकडून चुकून कमी पडलेला, दादा."

आपली लबाडी ती स्वतःच्या अंगावर घेतेय, हे त्याला सहन होईना. तो कप आणायचं निमित्त करून मागे गेला आणि पाण्याच्या पिंपाशी नुसता उभा राहिला.

संध्याकाळी आवरताना त्यानेच विचारलं, "काय करूया?"

"दुपारी दोन ते पाच ठेवा छोटा," ती म्हणाली. "जेवून आलेल्यांना भरलेला कप नको असतो. बारा म्हटलं की ते चहाच घेत नाहीत. सकाळी लोकांना मोठाच लागतो, तेव्हा छोटा काढूच नका."

तसं केलं. सकाळचे थोडे लोक समोर गेले, बाकीचे पुन्हा मोठ्यावर आले. दुपारी साठेक छोटे जायला लागले, बहुतेक सगळे त्या वेळी आधी न येणारे. दिवसाला जुन्यापेक्षा शंभरेक रुपये जास्त सुटू लागले. छोटा कपही आता आनंदा काठापर्यंत भरतो, फेस बसेपर्यंत थांबून.

गुरुदत्त मात्र समोरच्या टपरीवर चहा घ्यायला लागला. एकदा आनंदा भरलेला मोठा कप घेऊन डेपोत त्याच्या गाडीपाशी गेला. "घे ना. माझं चुकलं त्या दिवशी."

"आत्ताच घेतला रे," गुरुदत्त नेहमीच्याच आवाजात म्हणाला आणि केबिनमध्ये चढला. कप हातात तसाच घेऊन आनंदा परत आला.

टपरीवर तेव्हा पाच-सहा जण होते. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच फेडावं, असं त्याच्या मनात बरेच दिवस होतं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "छोट्या कपाचं हिचंच बरोबर होतं. मला कळलं नव्हतं." तेवढ्यात भिवंडीची गाडी लागली आणि लोक कप टाकून धावले. कुणी ऐकलं की नाही, कोण जाणे.

संचिताने ऐकलं. गॅस बारीक करत ती म्हणाली, "तो चहा निवलाय, ओतून द्या."

आनंदाने तो थंडच पिऊन टाकला. तिच्याकडे बघायचं मात्र त्याला जमलं नाही.