मूळमावशींच्या एकशेवीस नळ्या

मूळमावशींचे खरे नाव हजेरीपटावर होते. पण तेहतीस वर्षांत ते कोणी मोठ्याने उच्चारल्याचे त्यांना स्वतःलाही आठवत नव्हते. कृषी संशोधन केंद्राच्या मृदा-विभागात त्या मुळे धूत. माती धरून बसलेले मूळ पाण्यात सोडायचे, बोटांनी हळुवार हेलकावे द्यायचे, एकही तंतू न तुटता माती सुटू द्यायची आणि उरलेले कण मऊ कुंचल्याने उतरवायचे. हे काम कोणालाही जमेल असे ज्या नवशिक्यांना वाटे, त्यांच्या हाती मावशी एक मूळ देत आणि थोड्या वेळाने काहीही न बोलता त्याचे तुकडे गोळा करीत.

मुळांखेरीज काचसामान धुण्याचेही काम त्यांच्याकडेच होते. त्याचा नेम ठरलेला होता. प्रत्येक नळी पातळ आम्लात रात्रभर बुडवायची आणि दुसऱ्या दिवशी ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा खंगाळायची. हा नेम मावशी व्रतासारखा जपत आल्या होत्या. व्रतस्थ माणसाला अहंकार नसावा असे म्हणतात. मावशींना तो होता, आणि तो सगळा त्या नळ्यांच्या स्वच्छतेपुरताच होता.

निवृत्तीला आता पाच आठवडे उरले होते. पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरत, आणि हातांना जन्मभराच्या पाण्याने व आम्लाने अशा भेगा पडल्या होत्या की बोटे मिटताना त्या उकलत. हातमोजे होते, पण ते घातले की मुळाचा स्पर्श कळत नसे, म्हणून त्या काढून ठेवीत आणि मग पुन्हा घालायचा कंटाळा करीत.

त्या हंगामात विभागात एक संशोधक मुलगी तीन वर्षांच्या कष्टांच्या शेवटाला आली होती. तिचा प्रश्न स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा होता. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येते. स्फुरदाचे तसे नाही. मातीतले लोह, चुना, ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात आणि तो जागचा हलत नाही म्हटले तरी चालेल. दिवसचे दिवस जावेत, आणि त्याने मिलिमीटरभरही पाऊल टाकू नये.

"म्हणजे घरजावईच म्हण की," मावशी एकदा म्हणाल्या होत्या. "बसला तो बसला."

मुलगी हसली होती. मग तिने चहाच्या कपाच्या काठावर बोट ठेवून समजावले होते. मूळ आपल्या अंगालगतचा स्फुरद पिऊन टाकते, की तेवढ्यापुरती माती रिती होते. पलीकडे भरपूर असला तरी तो वेळेवर येत नाही. अशा वेळी मुळाच्या त्वचेतली एकेक पेशी लांब होऊन बाहेर डोकावते आणि रिकाम्या पट्ट्यापलीकडच्या मातीत शिरते, हेच मूलरोम. त्यांच्या आवरणात वाहक प्रथिने असतात. बाहेरच्या पाण्यात स्फुरद नावापुरता, आत त्याच्या हजारोपट. तरीही ही प्रथिने त्याला उलट्या चढावर आत ओढतात. कारण मूळ आधी आपली शक्ती खर्चून हायड्रोजनचे आयन बाहेर उपसत असते आणि ते परत आत येताना स्फुरदाचा हात धरून येतात. शिवाय मूळ आपल्या भोवतालच्या मातीत सेंद्रिय आम्ले पाझरवते, त्यांनी खनिजांची पकड सैलावते.

"कष्टाचंच खाणं आहे म्हणायचं," मावशी म्हणाल्या होत्या आणि कुंचला उचलून कामाला लागल्या होत्या.

मुलीने सातूचे दोन वाण लावले होते. एकाच्या मुळांना लांब, दाट मूलरोम होते. त्याला विभागात जटाधारी म्हणत. दुसऱ्याला जन्मतःच मूलरोम नव्हते, तो टकलू. प्रत्येक वाणाची सहा खोकी होती. प्रत्येक खोक्यात वरच्या कप्प्यात मुळांची गादी, मध्ये इतकी बारीक जाळी की मूळ अडावे पण मूलरोम पार व्हावेत, आणि खाली नुसती माती. शेवटी ती माती गोठवून जाळीपासून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे दहा थर कापायचे. हे कापणे मावशींनी केले. कापणीयंत्राच्या स्क्रूचा अर्धा फेरा, पाते सरळ, श्वास रोखलेला. बारा खोकी, एकशेवीस थर. प्रत्येक वाळवून कागदी पुडीत ठेवला. पुडीतल्या निम्म्या मातीतून स्फुरद काढून त्यात रंगद्रव्य घालायचे. जेवढा स्फुरद, तेवढी नळी निळी. जटाधारीच्या जाळीलगतच्या नळ्या फिक्या निघाल्या, तर मूलरोमांनी तेथवर हात पोहोचवला हे सिद्ध.

पण नळ्या फिक्या निघाल्या नाहीत. जवळची निळी, दूरचीही निळी, टकलूची निळी आणि जटाधारीचीही निळी.

विभागप्रमुख मॅडमनी निकालाचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "माती न घातलेल्या कोऱ्या नळ्या ठीक आहेत?"

"अगदी स्वच्छ, मॅडम. त्या आणि मोजपट्टीच्या, ठरावीक स्फुरद घातलेल्या नळ्या मी नव्या पाकिटातल्या घेतल्या होत्या."

"मग मूलरोमांनी काही फरक पडत नाही असं लिहावं लागेल. जटाधारीचं बियाणं शीतगृहात जागा अडवून आहे. पुढच्या आठवड्यात समितीत ते काढून टाकायचं ठरेल." त्यांनी कागद परत दिला. "उरलेल्या निम्म्या मातीला हात लावू नका. एकदाच परत करता येईल, आणि तेही कारण असेल तरच."

मुलगी तिथून थेट धुणीघरात आली. मावशी टबाशी बसल्या होत्या.

"मावशी, नळ्या आम्लातच होत्या ना?"

"हो तर. नेहमीसारख्या."

उत्तर आपोआप निघाले. तेहतीस वर्षांची सवय बोलली. मुलगी मान हलवून निघून गेली आणि मावशींचे हात पाण्यात तसेच राहिले. त्या नळ्या आम्लात नव्हत्या. ज्या दिवशी धुवायच्या होत्या, त्या दिवशी आम्ल भेगांत शिरून हाताची आग झाली होती, आणि त्यांनी चहाचे कप घासायची साबणाची पूड घेऊन नळ्या घासल्या होत्या. दोनदा साध्या पाण्यातून काढल्या होत्या. काच लखलखत होती. एकदा नाही केले म्हणून काय बिघडते, असे त्यांनी स्वतःला सांगितले होते.

घरी यजमान दाराशी वाट पाहत होते. ते निवृत्त वाहनचालक. निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या प्रत्येक गोष्टीला वेळापत्रक लावले होते.

"चेहरा का असा? कुणी मुळासकट उपटलं की काय?"

"अहो, थट्टा पुरे."

त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळे सांगितले. 

"साबणाने नळी निळी होते असं कशावरून?" शेवटी त्यांनी विचारले.

"माहीत नाही. पण माझी बोटं खोटं बोलत नाहीत. गादी उचलताना टकलूच्या मुळांवरून माती आपसूक गळत होती. जटाधारी सोडतच नव्हता, किती कुंचला फिरवावा लागला. एवढी माती कवळणाऱ्याने काहीच घेतलं नसेल, हे माझ्या मनाला पटत नाही."

"मग सांग की त्यांना."

"निरोपसमारंभाच्या तोंडावर? सगळे काय म्हणतील? आणि मी हो म्हणून बसलेय."

यजमान म्हणाले, "गाडी चुकीच्या रस्त्याला लागली की उशीर होतो म्हणून पुढे दामटायची नसते. मागे घ्यायला लाज कसली?"

मावशी इतक्या दमल्या होत्या की दिवा मालवायलाही यजमानच उठले.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी विभागात पोहोचल्या. कृती त्यांनी शेकडो वेळा पाहिलेली होती. एक नळी साबणाच्या पुडीने घासली, तशीच दोनदा खंगाळली. दुसरी आम्लाच्या भांड्यातून काढून तीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने धुतली. दोन्हीत तेच शुद्ध पाणी, दोन्हीत तेच रंगद्रव्य. माती कुठेच नाही. मग त्या स्टुलावर बसून राहिल्या. हळूहळू एका नळीच्या तळाशी निळाई उतरली आणि वर पसरली. दुसरी तशीच राहिली.

साबणात फॉस्फेट, म्हणजे स्फुरदच, होता. काचेला चिकटून बसलेला, पाण्याने न जाणारा. मातीच्या रसात स्फुरद मुळात इतका थोडा असतो, की नळीचा हा उसना भाग त्याला बुडवून टाकायला पुरेसा होता.

मुलगी आली तेव्हा दोन्ही नळ्या टेबलावर होत्या.

"हे काय, मावशी?"

"ही मी साबणाने धुतली. तुझ्या सगळ्या अशाच धुतल्या होत्या. काल मी खोटं बोलले."

मुलीने निळी नळी उजेडाकडे धरली. तिच्या डोळ्यांत आधी संताप आला, हे मावशींनी पाहिले आणि नजर चुकवली नाही. मग तिने ती नळी दुसरीशेजारी हळूच ठेवली.

"तीन वर्षं, मावशी."

"हो ग. माहीत आहे मला."

मॅडमपुढे मावशी उभ्या राहिल्या. बसा म्हटल्यावरही बसल्या नाहीत. "वहीत लिहा मॅडम, काच नेमाप्रमाणे धुतली नव्हती. आणि माझं नाव लिहा. हिचं नको."

मॅडमनी लेखणी उचलली आणि लिहिले. पहिल्यांदाच त्यांनी मावशींचे खरे नाव विचारून घेतले. "उरलेली माती वापरा," त्या मुलीला म्हणाल्या. "समितीला आठ दिवस थांबायला सांगते. मावशी, तुम्ही मात्र हातमोजे घालणार आहात."

"त्यांत मूळ कळत नाही, मॅडम."

"नळीत मूळ नसतं."

मावशी हातमोजे आणायला वळल्या.

एकशेवीस नळ्या आम्लात गेल्या. मावशींनी दोन दिवस त्या खंगाळल्या. तीनदा, प्रत्येक नळी तीनदा, हातमोज्यांत घामाने भेगा चुरचुरत असताना. कंबर वाकून राहिली की ती सरळ करायला टेबल धरावे लागे. मुलगी सुरुवातीला धुणीघराकडे फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेजारी येऊन नळ्या पुसू लागली आणि मग म्हणाली, "तुमची मोजणी चुकली नाही ना? एकशेएकोणीस वाटतात मला."

"एकशेवीस आहेत. तू एक मांडीवर घेऊन बसली आहेस."

रंगाच्या दिवशी मुलीने जटाधारीच्या नळ्या खोक्यागणिक दहा-दहाच्या ओळींत मांडल्या, जाळीलगतची डावीकडे. मावशी दाराला टेकून उभ्या होत्या. निळाई उजवीकडून सुरू झाली, डावीकडे येता येता विरत गेली. प्रत्येक ओळीच्या पहिल्या तीन नळ्यांत तर असून नसल्यासारखी. टकलूच्या ओळींत फक्त पहिलीच नळी फिकी होती, दुसरीपासून सगळ्या निळ्या. टकलूचा रिकामा पट्टा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, आणि जटाधारीचा तिप्पट रुंद.

"मावशी, बघताय ना?" मुलगी हळू म्हणाली. "मूलरोम पोहोचले तिथवर."

मावशींनी सगळ्या नळ्यांवरून नजर फिरवली आणि मान डोलावली.

"शीतगृहात निरोप दे, ते बियाणं फेकू नका म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि मला जरा बसू दे."

मुलीने स्टूल पुढे सरकवले. मावशींनी एकेक बोट ओढून हातमोजे काढले आणि हात मांडीवर उताणे ठेवून त्या बसून राहिल्या.